ऑपरेशन्स मॅनेजरचा रेझ्युमे: कामांच्या यादीतून आकड्यांच्या ओळी कशा काढायच्या

चाकण, रांजणगाव, भोसरी किंवा वाघोलीच्या गोदामांतून येणारे ऑपरेशन्स मॅनेजरचे रेझ्युमे बहुतेक एकाच साच्यातले असतात. ‘रिस्पॉन्सिबल फॉर डिस्पॅच’, ‘को-ऑर्डिनेटिंग विथ ट्रान्सपोर्टर्स’, ‘हॅन्डलिंग अ टीम ऑफ ४२’. यात खोटं काही नसतं. अडचण अशी, की त्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही माणसाच्या रेझ्युमेत ही ओळ तितकीच खरी ठरते. उत्तम काम करणाऱ्याच्याही आणि सहा महिन्यांत काढून टाकलेल्याच्याही. वाचणाऱ्याला दोघांतला फरक कळत नाही.

हे लक्षात आल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात. प्रत्येक ओळीला ‘३० टक्के सुधारणा’ चिकटवतात आणि मुलाखतीत ‘कशाच्या ३० टक्के?’ एवढ्या एका प्रश्नावर अडकतात. म्हणून इथे एकच नोकरी घेऊन जुन्या ओळींपासून नव्या ओळींपर्यंतचा सगळा हिशोब मांडला आहे. उदाहरणातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण त्यांचे परस्परसंबंध प्रत्यक्ष प्लांटमध्ये असतात तसेच ठेवले आहेत.

उदाहरण असं: चाकणमधला वाहनांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, स्टोअर आणि डिस्पॅच सांभाळणारा मॅनेजर, अनुभव ११ वर्षं. त्याच्या जुन्या रेझ्युमेत या नोकरीखाली सहा ओळी आहेत:

- डिस्पॅचची संपूर्ण जबाबदारी
- ट्रान्सपोर्टरशी समन्वय
- ४२ जणांच्या टीमचं व्यवस्थापन आणि ओव्हरटाइमवर नियंत्रण
- साठ्याची अचूकता राखणे
- ग्राहकाला वेळेवर पुरवठा
- दैनंदिन आणि मासिक एमआयएस तयार करणे

## तयारी: लिहायला बसण्याआधी

रेझ्युमेची फाइल अजून उघडू नका. एका कागदावर चार रकाने आखा: काम, आधीची स्थिती, नंतरची स्थिती, मी नेमकं काय केलं. हा कागद मराठीतच भरा. रेझ्युमे शेवटी इंग्रजीतच जाणार आहे, पण सुरुवात इंग्रजीत केली की हात आपोआप ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ आणि ‘एनशुअरिंग’कडे वळतो. मराठीत ‘गाड्या चार-चार तास उभ्या राहायच्या, त्या अडीच तासांत सुटायला लागल्या’ असं सरळ लिहिता येतं, आणि आपल्याला हवी असते ती नेमकी हीच गोष्ट.

आकडे शोधायला सगळ्यात आधी स्वतःचे जुने अप्रेझल फॉर्म काढा. त्यातले आकडे साहेबांनी एकदा वाचून मान्य केलेले असतात, त्यामुळे पुढे कुणी विचारलं तर ते टिकतात. त्यानंतर मासिक रिव्ह्यूची सादरीकरणं, ग्राहकाकडून येणारं सप्लायर स्कोअरकार्ड, गेट रजिस्टर, ट्रान्सपोर्टरची बिलं आणि ओव्हरटाइमचं मस्टर बघा. आठवणीवर विसंबायचं ते सगळ्यात शेवटी. सुधारणेनंतरचा आकडा डोक्यात पक्का असतो, पण आधीचा आकडा आठवताना आपण नकळत तो जास्त वाईट करून ठेवतो.

सावधान: ईआरपीमधले रिपोर्ट स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवू नका, पेनड्राइव्हवरही घेऊ नका. बऱ्याच कंपन्यांत अशा गोष्टींवर नजर असते, आणि नोटीस पीरियडमध्ये तर हमखास. हिशोब ऑफिसात, ऑफिसच्या कामाचा भाग म्हणून करा आणि फक्त निष्कर्षाचे दोन-चार आकडे वहीत टिपून ठेवा.

## टप्पा १: कामामागचं दुखणं शोधा

‘ट्रान्सपोर्टरशी समन्वय’ या ओळीकडे कितीही वेळ बघितलं तरी आकडा सापडत नाही, कारण समन्वय मोजता येत नाही. त्याऐवजी स्वतःला एक प्रश्न विचारा: मी पंधरा दिवस रजेवर गेलो, फोनही बंद ठेवला, तर या कामात सगळ्यात आधी काय बिघडेल, आणि त्याबद्दल ओरडा कोण करेल?

समन्वय नसला तर गाड्या गेटबाहेर रांगेत उभ्या राहतील आणि ट्रान्सपोर्टर हॉल्टिंगची बिलं लावतील. म्हणजे मोजायच्या गोष्टी दोन निघाल्या: गाडी आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ आणि हॉल्टिंगचा खर्च. ‘साठ्याची अचूकता’ नसली तर सिस्टिममध्ये माल दिसेल पण बिनमध्ये सापडणार नाही, आणि ओरडा प्रॉडक्शन करेल. ‘वेळेवर पुरवठा’ झाला नाही तर ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबेल आणि डेबिट नोट येईल.

एमआयएसच्या ओळीवर मात्र हा प्रश्न टाकला तर उत्तर येतं, ‘दुसरं कुणीतरी करेल’. मग ती ओळ काढून टाका. रिपोर्ट बनवणं हे या पातळीवर गृहीत धरलेलं असतं. त्या रिपोर्टमुळे एखादा निर्णय बदलला असेल तर तो निर्णय लिहा, रिपोर्ट नको.

तपासणी: या टप्प्यानंतर सहा ओळींच्या साधारण चार व्हायला हव्यात. सहाच्या सहा शिल्लक असतील तर तुम्ही कामांना फक्त नवी नावं दिली आहेत.

## टप्पा २: व्याप्ती एकदाच, वेगळ्या ओळीत

टीम किती, पाळ्या किती, रोजच्या गाड्या किती, रिपोर्टिंग कोणाला, ही व्याप्ती. व्याप्ती ही कामगिरी नव्हे, पण ती नसेल तर कामगिरीचं वजन कळत नाही. दिवसाला ५ गाड्या सोडणारा आणि ४१ गाड्या सोडणारा यांच्या ‘३८ टक्के’ची किंमत एक नसते.

लोक ही माहिती प्रत्येक ओळीत थोडी थोडी पेरतात, त्यामुळे ओळी लांबतात आणि टीमचा आकडा तीनदा येतो. त्याऐवजी पदनामाच्या लगेच खाली एकच ओळ द्या:

> स्टोअर आणि डिस्पॅच, तीन पाळ्या. ४२ माणसं (८ कायम, ३४ कंत्राटी). दिवसाला सरासरी ४१ गाड्या, ६ ट्रान्सपोर्टर. २,४०० बिनचं स्टोअर. रिपोर्टिंग प्लांट हेडला.

कायम आणि कंत्राटी वेगळे लिहिले आहेत ते मुद्दाम. ‘४२ जणांची टीम’ एवढंच लिहिलं की मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो, आणि उत्तरात ३४ कंत्राटी निघाले की काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. खरं तर कंत्राटी माणसं जास्त असलेली तीन पाळ्यांची टीम चालवणं अवघड असतं. त्यामुळे लपवण्यात आपलंच नुकसान आहे.

## टप्पा ३: आधी आणि नंतर, दोन्ही एकाच मापाने

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

पहिली गोष्ट, काळ सारखा निवडा. मार्चमधल्या वर्षअखेरच्या गर्दीची तुलना पुढच्या जूनशी केली तर काही न करताच सुधारणा दिसते. आपल्या उदाहरणात बदल २०२४च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये झाले. म्हणून आधीची तिमाही एप्रिल ते जून २०२४ आणि नंतरची एप्रिल ते जून २०२५ घेतली. हंगाम तोच आहे आणि बदल अंगवळणी पडायला चार महिने मिळाले आहेत.

दुसरी गोष्ट, नमुना. तिमाहीतल्या सगळ्या गाड्यांच्या नोंदी टाइप करायची गरज नाही. एक आठवडा महिन्याच्या सुरुवातीचा आणि एक महिनाअखेरचा घ्या. आठवड्याचे सहा दिवस आणि दिवसाला ३८ गाड्या धरल्या तर सुमारे साडेचारशे नोंदी होतात. फक्त शांत आठवडा निवडला तर आकडा सुंदर येईल, पण महिनाअखेर कशी असते हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं.

रजिस्टरमध्ये फक्त वेळा असतील, तर रात्री ११ला आत आलेली आणि पहाटे २ला सुटलेली गाडी एक्सेलमध्ये उणे वेळ दाखवते. आत येण्याची वेळ A रकान्यात, बाहेर पडण्याची B मध्ये ठेवून C मध्ये हे सूत्र टाका, मग सरासरी आणि मध्यक काढा:

```
=MOD(B2-A2,1)
=AVERAGE(C2:C457)
=MEDIAN(C2:C457)
```

पहिलं सूत्र २४ तासांपेक्षा जास्त थांबलेल्या गाड्यांना चुकीचा, कमी वेळ दाखवतं. अशा गाड्या तारीख बघून हाताने दुरुस्त करा. सरासरी आणि मध्यक यांत मोठं अंतर दिसलं तर मुक्कामाला राहिलेल्या दोन-चार गाड्या सगळा आकडा वर खेचत असतात. मग त्या दोन्ही काळांतून काढा किंवा दोन्हीत ठेवा. एका बाजूनेच काढणं ही लबाडी होते, कळत असो वा नकळत.

उदाहरणात सरासरी वेळ ४ तास १० मिनिटांवरून २ तास ३५ मिनिटांवर आला. म्हणजे २५० मिनिटांची १५५ मिनिटं झाली, ९५ मिनिटं वाचली, ३८ टक्के घट. इथेच थांबू नका. ही ९५ मिनिटं कुठे वाचली ते फोडून बघा:

- डॉक रिकामा होण्याची वाट: १०५ मिनिटांवरून ४५
- प्रत्यक्ष लोडिंग: ९५ वरून ७५
- बिल, ई-वे बिल आणि गेटपास: ५० वरून ३५

सगळ्यात मोठा वाटा वाट बघण्याचा आहे. सगळे ट्रान्सपोर्टर सकाळी दहाच्या सुमारास एकदमच येत होते. त्यांना वेळेचे स्लॉट दिल्यावर रांग मोडली. कागदपत्रांचा वेळ घटला, कारण पूर्वी माल गाडीत चढल्यावर नग मोजायचे आणि मग बिल बनायचं. आता माल आदल्या पाळीत काढून, मोजून ठेवला जातो, त्यामुळे लोडिंग चालू असतानाच कागद तयार होतात. ही फोड रेझ्युमेत जाणार नाही, पण मुलाखतीत तुम्हाला वाचवणार आहे.

तिसरी गोष्ट, कामाचा भार. आधी दिवसाला ३८ गाड्या होत्या, नंतर ४१. हॉल्टिंगचा खर्च महिन्याला सरासरी १,९२,००० रुपयांवरून ७४,००० रुपयांवर आला, म्हणजे १,१८,००० रुपये कमी. महिन्याचे २६ दिवस धरले तर गाडीमागे खर्च सुमारे १९४ रुपयांवरून ६९ रुपयांवर आला. भार वाढलेला असताना खर्च घटला, त्यामुळे इथे गाडीमागचा आकडा जास्त बोलका आहे. उलट प्रकार असेल, म्हणजे गाड्याच कमी झाल्या म्हणून खर्च घटला असेल, तर गाडीमागचा आकडा ते लगेच उघडं पाडतो. म्हणून तो स्वतःसाठी नेहमी काढून बघा.

सावधान: टक्के आणि टक्क्यांमधलं अंतर यांत गल्लत करू नका. साठ्याची अचूकता ९४.१ टक्क्यांवरून ९८.६ टक्क्यांवर गेली, तर ती ‘४.५ टक्क्यांनी वाढली’ असं लिहू नका. चुकलेले बिन ५.९ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले, म्हणून ‘चुकांत ७६ टक्के घट’ हेही गणिताने बरोबर आहे, पण अनुभवी माणसाला ते फुगवलेलं वाटतं. दोन्ही टोकं द्या, म्हणजे ९४.१ वरून ९८.६. वाचणारा वजाबाकी करून घेतो.

## टप्पा ४: दुसरी बाजू तपासा

प्रत्येक सुधारणेची किंमत कुठेतरी दिलेली असते. ती कुठे दिली हे आधी स्वतः शोधा, नाहीतर समोरचा शोधेल.

आपल्या मॅनेजरला आणखी एक आकडा सापडला होता: ओव्हरटाइम महिन्याला १,१५० तासांवरून ७८० तासांवर, म्हणजे ३२ टक्के घट. ओळ दिसायला झकास आहे. पण त्याच काळात टीम ३८ वरून ४२ झाली, चार कंत्राटी माणसं वाढली. चार माणसं, २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे ८३२ तास नव्याने आले आणि वाचले ३७० तास.

पैशांत बघू. एका माणसामागे कंत्राटदाराला महिन्याला २०,००० रुपये जातात असं धरलं, तर चौघांचे ८०,०००. तासाचा दर साधारण ९६ रुपये पडतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणून ३७० तासांचे सुमारे ७१,००० रुपये वाचले. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे: या व्यवहारात कंपनीचे महिन्याला नऊएक हजार जास्तच गेले. ही ओळ रेझ्युमेतून काढायची. ‘३२ टक्के’ कितीही आवडले तरी काढायची.

आता हीच चार माणसं पहिल्या ओळीवरही प्रश्न उभा करतात: गाड्या लवकर सुटल्या त्या माणसं वाढवल्यामुळे तर नाही? इथे टप्पा ३ मधली फोड कामाला येते. चौघंही लोडिंगलाच होती असं धरलं तरी लोडिंगमधली घट २० मिनिटांची आहे. उरलेली ७५ मिनिटं स्लॉट आणि आधी माल काढून ठेवण्यामुळे वाचली. हे उत्तर तयार असेल तर ओळ ठेवा. नसेल तर ९५ मिनिटांचं श्रेय पद्धतीला देऊ नका.

याच टप्प्यावर दुहेरी मोजणीही पकडा. गाड्या लवकर सुटल्या म्हणूनच हॉल्टिंग घटलं. ही एकच सुधारणा आहे, दोन नव्हेत. दोन वेगळ्या ओळी केल्या की जाणकार वाचणारा मनातल्या मनात एक खोडतो आणि दुसरीवरही शंका घेतो. एकाच ओळीत, कारण आधी आणि परिणाम मागून, असं लिहा.

## टप्पा ५: तुमचा वाटा किती, ते क्रियापदात ठरवा

साठ्याच्या अचूकतेचं उदाहरण घ्या. कारखान्यात बारकोड आला, तो प्रकल्प आयटी आणि फायनान्सने चालवला. स्टोअरचा मॅनेजर त्यात होता, पण प्रमुख नव्हता. ‘बारकोड यंत्रणा राबवली’ असं त्याने लिहिलं, तर पुढचा प्रश्न ‘कुठलं सॉफ्टवेअर का निवडलंत?’ असा येतो आणि उत्तर नसतं.

त्याने नेमकं काय केलं ते शोधलं तर जास्त चांगली ओळ निघते. फरक पडत होता तो मुख्यतः रात्रपाळीत: माल घाईत दिला जायचा आणि नोंद सकाळी व्हायची, किंवा राहूनच जायची. त्याने स्कॅन केल्याशिवाय माल देणं बंद केलं आणि रोज ४० बिन मोजायची पद्धत लावली. २,४०० बिन ६० कामाच्या दिवसांत संपतात, म्हणजे तिमाहीत प्रत्येक बिन एकदा तरी मोजला जातो. हे काम पूर्णपणे त्याचं आहे आणि यावर तो अर्धा तास बोलू शकतो.

क्रियापदं साधारण अशी वापरा. कल्पना आणि अंमल दोन्ही तुमचे असतील तर ‘आखून राबवलं’. वरून आलेलं काम तुम्ही पार पाडलं असेल तर ‘राबवलं’. तुम्ही एका विभागापुरते असाल तर विभागाचं नाव घालून ‘स्टोअरची बाजू सांभाळली’. ‘सहभाग घेतला’ हे शक्यतो टाळा. त्यातून काहीच कळत नाही.

पुण्यात याची जास्त काळजी घ्यावी लागते. वाहन उद्योगातले लोक चाकण, भोसरी, रांजणगाव आणि तळेगाव या पट्ट्यातच नोकऱ्या बदलतात. मुलाखत घेणारा पूर्वी तुमच्याच ग्राहकाकडे सप्लायर क्वालिटीला होता, असं निघणं मुळीच दुर्मीळ नाही. त्याने तुमचं स्टोअर ऑडिटच्या वेळी फिरून पाहिलेलं असतं.

## टप्पा ६: आता ओळ लिहा

क्रम असा ठेवा: काय बदललं, कितीवरून किती, मग कसं. रेझ्युमे वरवर चाळणाऱ्याची नजर ओळीच्या पहिल्या काही शब्दांवरच थांबते, त्यामुळे पद्धत आधी आणि निकाल शेवटी लिहिला तर निकाल वाचलाच जात नाही. छापील पानावर दोन ओळींपेक्षा जास्त जागा घेऊ नका.

‘डिस्पॅचची जबाबदारी’ आणि ‘ट्रान्सपोर्टरशी समन्वय’ या दोन जुन्या ओळी मिळून पहिला मसुदा असा झाला:

> ट्रान्सपोर्टर स्लॉट पद्धत आणि आगाऊ पिकिंग राबवून डिस्पॅच प्रक्रियेत लक्षणीय सुधारणा केली, ज्यामुळे वेळेत ३८ टक्के बचत झाली आणि वर्षाला १४ लाखांची बचत झाली.

यात तीन दोष आहेत. निकाल शेवटी गेला आहे. ३८ टक्के कशाचे ते कळत नाही. आणि १४ लाख हा महिन्याच्या १,१८,००० ला बाराने गुणून काढलेला आकडा आहे. मोजणी फक्त एका तिमाहीची आहे. वर्षभर मोजलेलं नसेल तर वर्षाचा आकडा लिहू नका. दुरुस्त ओळ:

> गाडी गेटमध्ये येऊन बाहेर पडेपर्यंतचा वेळ ४ तास १० मिनिटांवरून २ तास ३५ मिनिटांवर आणला, त्यामुळे हॉल्टिंग महिन्याला १.१८ लाख रुपयांनी घटलं (गाड्या दिवसाला ३८ वरून ४१). ट्रान्सपोर्टर स्लॉट आणि माल आदल्या पाळीत काढण्याची पद्धत आखून राबवली.

साठ्याची ओळ:

> २,४०० बिनच्या स्टोअरमध्ये साठ्याची अचूकता ९४.१ वरून ९८.६ टक्क्यांवर नेली. बारकोड प्रकल्पात स्टोअरची बाजू सांभाळली, रात्रपाळीत स्कॅनशिवाय माल देणं बंद केलं आणि रोज ४० बिनची मोजणी लावली.

‘ग्राहकाला वेळेवर पुरवठा’ ही वेगळ्या जातीची ओळ आहे. तिथे कधीकधी सुधारणा नसतेच, काही बिघडू दिलं नाही हीच कामगिरी असते. अशा ओळीत आकडा स्थिर असतो आणि वजन परिस्थितीतून येतं:

> सलग १२ महिने आपल्या मालाअभावी ग्राहकाची लाइन एकदाही थांबली नाही (आधीच्या वर्षी ३ वेळा), रोजच्या गाड्या ८ टक्क्यांनी वाढलेल्या असताना.

‘एकदाही नाही’ लिहिण्याआधी ग्राहकाच्या स्कोअरकार्डवर बघून घ्या. तुमच्या नोंदीत शून्य आणि त्यांच्या नोंदीत एक, असं बऱ्याचदा असतं, आणि मोजली जाते त्यांचीच नोंद. ‘त्याच मनुष्यबळात’ हे शब्दही इथे मोह पाडतील. पण टीम ३८ वरून ४२ झाली आहे, तेव्हा ते लिहिता येणार नाही.

इंग्रजीत नेताना काळ भूतकाळच ठेवा. ‘मी’ काढून टाका. रक्कम लाखात लिहायला इथल्या कंपन्यांसाठी हरकत नाही, पण अर्ज परदेशातल्या टीमकडे जाणार असेल तर लाख त्यांना कळत नाहीत. तिथे टक्केवारी किंवा पूर्ण आकडा द्या. ग्राहकाचं नाव, दर आणि डेबिट नोटची रक्कम कुठल्याच रेझ्युमेत नको. ‘मोठा प्रवासी वाहन उत्पादक’ एवढं पुरतं.

आकडा मिळतच नसेल तर: नोकरी सुटली आहे, नोंदी हाताशी नाहीत, तर ‘सुमारे चार तासांवरून अडीच-पावणेतीन तासांवर’ असं ढोबळ लिहा. ३७.६ टक्के असा दशांशाचा आकडा आठवणीतून येत नाही, हे वाचणाऱ्यालाही कळतं.

## टप्पा ७: तीन प्रश्नांची चाचणी

त्याच क्षेत्रातल्या एखाद्या मित्राला रेझ्युमे द्या आणि प्रत्येक ओळीवर तीनच प्रश्न विचारायला सांगा: हे मोजलं कसं? यात तुझं काय? आणि याची किंमत कुठे दिली? एखाद्या ओळीवर एका मिनिटात, कागद न बघता उत्तर देता आलं नाही, तर ती ओळ दुरुस्त करा किंवा काढा. मित्र घरचा किंवा आयटीतला नको. त्याला हॉल्टिंग म्हणजे काय इथूनच सांगावं लागेल आणि तो शंका घेणार नाही.

मग ओळींची आपसातली बेरीज तपासा. व्याप्तीत ४१ गाड्या आणि कंसात ३८ वरून ४१, जुळलं. ८ टक्के वाढही जुळली. एका ठिकाणी टीम ४२ आणि लिंक्डइनवर ५०, हे मात्र जुळत नाही. नोकरी.कॉमवरचं प्रोफाइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर तेही आजच बदला. एचआर बऱ्याचदा दोन्ही शेजारी उघडून बसते.

शेवटी निवड. सध्याच्या नोकरीला तीन ते पाच ओळी, आधीच्या नोकरीला दोन-तीन, त्याआधीच्या प्रत्येकीला एक. आपल्या उदाहरणातल्या सहा जुन्या ओळींतून एक व्याप्तीची ओळ आणि तीन कामगिरीच्या ओळी उरल्या. क्रम जाहिरात बघून लावा: गोदामाची जागा असेल तर साठ्याची ओळ वर, कारखान्यातल्या लॉजिस्टिक्सची असेल तर गाड्यांची. आकडे तेच राहतात, फक्त ओळी वरखाली होतात. ओव्हरटाइमची काढलेली ओळ मात्र वहीत ठेवा. ‘एखादा निर्णय फसला का?’ हा प्रश्न आला, की चार माणसांचा तो हिशोब जसाच्या तसा सांगता येतो.